मानसशास्त्राच्या प्रकल्पातली गृहीतकं तपासण्याजोगी करताना

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा लघुप्रबंध मार्गदर्शकांकडे जातो आणि गृहीतकांच्या पानावर लाल शाईत शेरा येतो, 'चल स्पष्ट करा', 'दिशा द्या', 'हे कशाने मोजणार?'. शेरा बरोबर असतो, पण पुढे नेमकं काय करायचं ते त्यात लिहिलेलं नसतं. ते काम इथे एका उदाहरणावर टप्प्याटप्प्याने केलं आहे. काही विद्यापीठांत 'गृहीतक' म्हणतात, काही ठिकाणी 'परिकल्पना' किंवा 'अभ्युपगम'. इथे गृहीतक हा एकच शब्द ठेवला आहे.

समजा विषय आहे, वसतिगृहात राहणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांचा मोबाइल, झोप आणि ताण. प्रस्तावात तीन गृहीतकं अशी लिहिली आहेत:

अ. मोबाइलच्या अतिवापराचा विद्यार्थ्यांच्या झोपेवर परिणाम होतो.
आ. मुलगे आणि मुली यांच्या ताणात सार्थक फरक नसेल.
इ. चांगली झोप घेणारे विद्यार्थी अधिक आनंदी असतील आणि अभ्यासात पुढे असतील.

पानावर ही तिन्ही वाक्यं ठीक दिसतात. विश्लेषणाला बसल्यावर मात्र एकही चालत नाही.

हाताशी काय हवं

- वापरणार असलेल्या प्रत्येक प्रश्नावलीची मूळ प्रत आणि गुणांकनाची सूचना. फक्त प्रश्नांची झेरॉक्स पुरत नाही.
- प्रश्नावली वापरण्याच्या अटी. काहींना लेखी परवानगी लागते, काही ना-नफा संशोधनासाठी खुल्या असतात.
- मराठी भाषांतर वापरणार असाल तर ते कुणी आणि कसं केलं याची नोंद.
- एक कोरा ताव किंवा एक्सेलची एक शीट. हा 'चलांचा तक्ता'.
- jamovi, JASP किंवा R यांपैकी एक. तिन्ही फुकट आहेत.

1. प्रत्येक नामाखाली रेघ मारा आणि आकडा कुठून येणार ते लिहा

गृहीतक अ मध्ये मोजायची नामं दोनच, 'अतिवापर' आणि 'झोप'. प्रत्येकाखाली रेघ मारून शेजारी एकच गोष्ट लिहायची. विश्लेषणाच्या शीटमध्ये या शब्दाच्या नावाने जो स्तंभ असेल, त्यात कोणता आकडा भरला जाईल?

झोपेसाठी पीएसक्यूआय ही पिट्सबर्ग विद्यापीठात तयार झालेली, 1989 मध्ये प्रसिद्ध झालेली प्रश्नावली घेऊ. तिच्यात सात घटक आहेत, प्रत्येकाला 0 ते 3 गुण आणि एकूण प्राप्तांक 0 ते 21. ती गेल्या एका महिन्याबद्दल विचारते. म्हणजे 'झोप' या शब्दाची जागा आता 'पीएसक्यूआयचा एकूण प्राप्तांक' घेतो.

'अतिवापर' हा शब्द जास्त अडवतो. 'अति' म्हणजे किती, हे ठरवलेलं नाही, आणि तीन तासांची रेघ मारून विद्यार्थ्यांचे 'अति' आणि 'कमी' असे दोन गट पाडले तर नुकसानच होतं. 2 तास 55 मिनिटं वापरणारी आणि 3 तास 5 मिनिटं वापरणारी या दोन मुली वेगळ्या गटांत पडतात, आणि 3 तास व 9 तास एकाच गटात जातात. मिनिटं मोजता येत असतील तर मिनिटंच ठेवा.

पण कुठली मिनिटं? हा टप्पा घाईने उरकू नका. बहुतेक जण 'अंथरुणात पडल्यावर मोबाइल किती वेळ पाहता' असं विचारतात. इथे एक न दिसणारा खड्डा आहे. पीएसक्यूआय स्वतःच विचारते की तुम्ही अंथरुणावर किती वाजता जाता, झोप लागायला किती मिनिटं लागतात आणि प्रत्यक्ष झोप किती तास होते. अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी किती वेळ खरोखर झोप झाली, याचंही प्रमाण ती काढते. अकरा वाजता अंथरुणात शिरून बारापर्यंत रील्स पाहणाऱ्या मुलीचा तो तास तुमच्या मोबाइलच्या स्तंभात जातो आणि पीएसक्यूआयमध्येही 'झोप लागली नाही' म्हणून मोजला जाऊ शकतो. तोच तास दोन्हीकडे मोजल्यावर सहसंबंध येणारच, मोबाइलने झोपेचं काही बिघडवलेलं असो वा नसो.

म्हणून मोबाइलचं माप झोपेच्या मापाला न शिवणारं घ्या: 'गेल्या महिन्यात, अंथरुणावर जाण्याआधीच्या दोन तासांत, साधारणपणे किती मिनिटं मोबाइल पाहत होता?' उत्तर 0 ते 120 मिनिटं. यात आणखी एक गोष्ट साधली, दोन्ही मापं एकाच महिन्याबद्दल बोलतात. मोबाइलची नोंद गेल्या आठवड्याची आणि झोपेची गेल्या महिन्याची असली, आणि मधल्या आठवड्यात अंतर्गत परीक्षा होऊन गेलेली असली, तर तुम्ही दोन वेगवेगळ्या काळांची तुलना करत असता.

2. 'परिणाम होतो' खोडा

एकदाच प्रश्नावली भरून घेणाऱ्या अभ्यासात कोणामुळे काय झालं हे कळत नाही. मोबाइलमुळे झोप बिघडली असेल, किंवा झोप येत नाही म्हणून मुलगी मोबाइल घेऊन बसत असेल, किंवा परीक्षेच्या काळजीने दोन्ही होत असेल. 'परिणाम', 'प्रभाव', 'मुळे', 'घडवून आणतो' हे शब्द प्रयोगासाठी राखून ठेवा, म्हणजे जिथे तुम्ही स्वतः काही जणांना चिठ्ठी टाकून मोबाइलबंदीच्या गटात आणि काहींना नेहमीच्या गटात घातलं आहे अशा अभ्यासासाठी. बाकी ठिकाणी 'जितकं जास्त, तितकं जास्त' किंवा 'या गटाची सरासरी त्या गटापेक्षा जास्त' अशी वाक्यरचना वापरा. मराठीत ती सहज बसते आणि तिच्यात दिशा आपोआप येते.

3. दिशा आधी प्राप्तांकात लिहा, मग शब्दांत

सर्वांत जास्त चुका इथे होतात. आपण मनात म्हणतो, 'मोबाइल वाढला की झोपेचा दर्जा घटतो', आणि सवयीने लिहून टाकतो, 'ऋण सहसंबंध आढळेल'. पण पीएसक्यूआयमध्ये जास्त प्राप्तांक म्हणजे वाईट झोप. शून्य सर्वांत चांगला, 21 सर्वांत वाईट, आणि 5 च्या वर गेलेला प्राप्तांक खराब झोपेचा मानतात. म्हणजे तुमचं म्हणणं खरं असेल तर मोबाइलची मिनिटं आणि पीएसक्यूआय यांच्यात धन सहसंबंध यायला हवा. 'ऋण' लिहून ठेवलंत आणि विश्लेषणात +0.31 आलं, तर जे सिद्ध करायचं होतं तेच सिद्ध झालेलं असताना तुम्ही 'गृहीतक फेटाळले' असं लिहाल. तोंडी परीक्षेत ही चूक पहिल्या पाच मिनिटांत पकडली जाते.

म्हणून चलांच्या तक्त्यात प्रत्येक मापासमोर एक ओळ असलीच पाहिजे: *जास्त प्राप्तांक म्हणजे काय.* आपल्या उदाहरणाचा तक्ता असा होतो:

- मोबाइल: अंथरुणाआधीच्या दोन तासांतली मिनिटं, 0–120. जास्त = जास्त वापर.
- झोप: पीएसक्यूआय एकूण, 0–21. जास्त = वाईट झोप.
- ताण: पीएसएस-10 एकूण, 0–40. जास्त = जास्त ताण.
- जीवनसमाधान: एसडब्ल्यूएलएस एकूण, 5–35. जास्त = जास्त समाधान.

आता अ पुन्हा लिहू:

*अ1. वसतिगृहातील पदवी विद्यार्थ्यांमध्ये, गेल्या महिन्यात अंथरुणावर जाण्याआधीच्या दोन तासांत मोबाइल पाहण्याची सरासरी मिनिटं जितकी जास्त, तितका पीएसक्यूआयचा एकूण प्राप्तांक जास्त (म्हणजे झोप तितकी वाईट) असेल.*

कंसातला भाग ठेवाच. प्राप्तांकाची दिशा उलटी असेल तिथे वाचणाऱ्याला तो हमखास लागतो.

दिशेला कारणही हवं. प्रस्तावनेच्या प्रकरणात या दिशेच्या बाजूने आधीचे निष्कर्ष किंवा सिद्धांत मांडलेला नसेल, तर दिशा देऊ नका. 'फरक असेल' एवढंच लिहा आणि ते शोधात्मक आहे असं सांगा. न मांडलेल्या दिशेपेक्षा हवेतून काढलेली दिशा जास्त घातक.

4. शून्य गृहीतक हे तुमचं गृहीतक नव्हे

'मुलगे आणि मुली यांच्या ताणात सार्थक फरक नसेल' हे वाक्य आपल्याकडच्या लघुप्रबंधांत जागोजाग दिसतं. संख्याशास्त्राच्या तासाला शून्य गृहीतक शिकवतात आणि ते जसंच्या तसं संशोधनाच्या गृहीतकांच्या यादीत येऊन बसतं. शून्य गृहीतक चाचणीच्या आत असतं, चाचणी ते फेटाळायला पाहते. संशोधकाचं म्हणणं हे पर्यायी गृहीतक असतं.

यात एक खोल अडचणही आहे. p 0.05 पेक्षा मोठा आला म्हणून 'फरक नाही' असं सिद्ध होत नाही. दोन्ही गटांत पंधरा-पंधरा जणच घेतले तर खरा फरक असूनही p मोठा येऊ शकतो. म्हणजे 'फरक नसेल' हे गृहीतक नमुना जितका छोटा तितकं सहज 'सिद्ध' होतं! समानता खरोखरच दाखवायची असेल तर त्यासाठी वेगळी समतुल्यता चाचणी आहे, टॉस्ट नावाची. तिच्यात 'इतक्या गुणांपेक्षा कमी फरक म्हणजे फरक नाहीच' ही मर्यादा आधीच आकड्यात द्यावी लागते. विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रकल्पात तिची गरज क्वचितच पडते.

ताणासाठी पीएसएस-10 घेतली. दहा प्रश्न, प्रत्येकी 0 ते 4. अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय नमुन्यांत या मापनीवर स्त्रियांची सरासरी पुरुषांपेक्षा जास्त आलेली आहे, त्यामुळे दिशेला आधार आहे. तो आधार दुसऱ्या देशातला आहे, हे प्रस्तावनेत लिहा.

*आ1. वसतिगृहातील पदवी विद्यार्थ्यांमध्ये मुलींचा पीएसएस-10 वरील सरासरी प्राप्तांक मुलग्यांच्या सरासरी प्राप्तांकापेक्षा जास्त असेल.*

पीएसएस-10 मधले 4, 5, 7 आणि 8 क्रमांकाचे प्रश्न सकारात्मक शब्दांत आहेत, त्यांचे गुण उलटे करावे लागतात: 0 चा 4, 1 चा 3, असे. हे विसरलात तर आ1 चा निकाल निरर्थक होतो. विसर पडला आहे हे ओळखायची सोपी खूण आहे. विश्वसनीयता काढताना jamovi मध्ये `Item-rest correlation` दाखवायला सांगा. नेमक्या या चार प्रश्नांसमोर ऋण आकडे दिसले, तर गुण उलटे करायचे राहिले आहेत.

5. 'आणि' दिसला की वाक्य कापा

गृहीतक इ मध्ये 'आनंदी' आणि 'अभ्यासात पुढे' असे दोन दावे एकत्र बांधले आहेत. एक खरा निघाला आणि दुसरा नाही, तर काय लिहाल? 'अंशतः सिद्ध' हे उत्तर नव्हे. दोन दावे, दोन गृहीतकं.

पहिला भाग. 'आनंद' मोजायला एसडब्ल्यूएलएस घ्यायचं ठरलं, तर लक्षात घ्या की ही पाच प्रश्नांची मापनी आयुष्याबद्दलचं समाधान मोजते, रोजचा आनंद नाही. जे मोजता त्याच नावाने त्याला हाक मारा.

*इ1. पीएसक्यूआयचा एकूण प्राप्तांक जितका जास्त (झोप जितकी वाईट), तितका एसडब्ल्यूएलएसचा एकूण प्राप्तांक कमी असेल.*

इथे सहसंबंध ऋण अपेक्षित आहे. अ1 मध्ये धन होता. तक्ता समोर असला की गोंधळ होत नाही.

दुसरा भाग, 'अभ्यासात पुढे'. माप म्हणून गेल्या सत्राचा एसजीपीए घ्यायचा मोह होतो, कारण गुणपत्रिका हाताशी असते. पण ती परीक्षा होऊन चार महिने झालेले असतात आणि पीएसक्यूआय गेल्या महिन्याबद्दल विचारते. आजची झोप मागच्या परीक्षेचे गुण ठरवू शकत नाही. चालू सत्राचा निकाल लघुप्रबंध सादर करण्यापूर्वी लागणार असेल तर तो घ्या. नसेल लागणार, तर हे गृहीतक सरळ वगळा. माप मिळत नाही म्हणून गृहीतक वगळणं पूर्णपणे योग्य आहे, मिळेल त्या मापावर ते लटकवणं चूक.

गृहीतकं कमी असण्याचा आणखी एक फायदा आहे. 0.05 ची पातळी ठेवून दहा स्वतंत्र चाचण्या केल्या आणि कुठेही खरा संबंध नसला, तरी निदान एक चाचणी 'सार्थक' येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के असते. तीन नेटकी गृहीतकं दहा ढोबळ गृहीतकांपेक्षा बरी.

6. प्रत्येक गृहीतकासमोर चाचणी आणि चिन्ह लिहा

गृहीतक खरंच तपासण्याजोगं झालं का, याची कसोटी एकच आहे. माहिती गोळा होण्याआधी विश्लेषणाची ओळ लिहून ठेवता आली पाहिजे. नाही आली, तर पहिल्या टप्प्याकडे परत जा.

अ1 साठी स्पिअरमनचा सहसंबंध ठीक, कारण मोबाइलची मिनिटं बहुधा एका बाजूला झुकलेली असतात. आ1 साठी वेल्चची टी-चाचणी. R मध्ये:

```r
cor.test(d$phone_min, d$psqi, method = "spearman",
         alternative = "greater", exact = FALSE)
t.test(pss ~ gender, data = d, alternative = "less")
```

दुसऱ्या ओळीत `less` पाहून अडखळाल. R गटांची नावं वर्णानुक्रमे लावतो. शीटमध्ये `mulga` आणि `mulgi` असं भरलं असेल तर पहिला गट `mulga` ठरतो, आणि 'मुलग्यांची सरासरी कमी' हेच आपलं म्हणणं आहे. `greater` लिहिलं असतं तर चाचणी उलट्या दिशेने झाली असती आणि p 0.97 सारखा येऊन बसला असता. एका बाजूच्या चाचणीत p असा 1 च्या जवळ दिसला, तर आधी गटांचा क्रम तपासा. jamovi मध्ये हाच पर्याय `Group 1 > Group 2` असा दिसतो, तिथेही पहिला गट कोणता ते पाहूनच खूण करा.

दिशा असलेल्या गृहीतकासाठी वन-टेल्ड चाचणीच हवी असं मात्र नाही. 0.3 चा सहसंबंध 80 टक्के शक्तीने पकडायला टू-टेल्ड चाचणीत साधारण 85 जण लागतात, वन-टेल्डमध्ये साधारण 68. सतरा माणसं वाचतात, पण त्या बदल्यात उलट दिशेला आलेल्या निष्कर्षाबद्दल काही म्हणण्याचा हक्क सोडावा लागतो. नमुना सहज मिळत असेल तर टू-टेल्ड चाचणी करा आणि चिन्ह अपेक्षित बाजूला आहे का ते पाहा. परीक्षकही त्यावर सहसा हरकत घेत नाहीत. कोणती घेणार ते आधी ठरवा. p 0.08 आल्यावर वन-टेल्डकडे वळणं म्हणजे निकाल पाहून नियम बदलणं.

7. तारीख घाला आणि मग हात लावू नका

अ1, आ1, इ1, चलांचा तक्ता आणि विश्लेषणाच्या ओळी एका पानावर आणा, तारीख घाला आणि पहिली प्रश्नावली वाटण्याआधी मार्गदर्शकांची सही घ्या. ओपन सायन्स फ्रेमवर्क किंवा अ‍ॅजप्रेडिक्टेड या संकेतस्थळांवर तेच पान फुकट नोंदवता येतं.

माहिती आधीच गोळा झाली असेल आणि शेरा नंतर आला असेल, तर काय? वाक्य नेमकं करणं, मापाचं नाव घालणं, 'आणि' कापणं, हे सगळं करता येतं, कारण कोणती मापं वापरली हे बदलत नाही. दिशा मात्र फक्त तुम्ही निकाल पाहिलेला नसेल तरच घाला. निकाल पाहून त्याला जुळणारं गृहीतक 'आधीच मांडलं होतं' असं दाखवण्याला नॉर्बर्ट कर यांनी 1998 मध्ये हार्किंग असं नाव दिलं. तो लघुप्रबंधातला मोठा दोष धरला जातो. निकाल पाहून झाला असेल तर जुनं गृहीतक जसं होतं तसं छापा आणि नेमकं विश्लेषण 'शोधात्मक' या मथळ्याखाली वेगळं द्या.

आणि निष्कर्ष उलटा आला, म्हणजे अ1 मध्ये सहसंबंध −0.12 आला, तर लिहायचं ते असं: 'मोबाइलची मिनिटं आणि पीएसक्यूआय यांच्यात अपेक्षित धन सहसंबंध आढळला नाही, ρ = −0.12. अ1 ला आधार मिळाला नाही.' त्यानंतर नमुन्याची संख्या आणि विश्वास-अंतराल द्या, आणि मोबाइलच्या प्रश्नाला किती जणांनी 120 हेच उत्तर दिलं ते मोजून सांगा. निम्म्याहून जास्त विद्यार्थी त्या कमाल आकड्याला टेकलेले असतील तर मिनिटांच्या त्या स्तंभात पुरेसा फरकच उरलेला नाही, आणि सहसंबंध न दिसण्याचं कारण आधी तिथे शोधायला हवं.